विहिरीच्या पंचनाम्यात न सापडणारी गोष्ट

सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगेधोपे होऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून आलेली पहिली पाण्याची रेल्वेगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात दाखल झाली. त्या दिवसांत धरणांच्या प्रदेशात उसाला पाणी द्यावे की न द्यावे, खाजगी विहिरी व विंधनविहिरी सरकारने ताब्यात घ्याव्यात की नाही, टँकर आधी कोणत्या वस्तीला जावा, असे नाना वाद गावोगावी झडले. वाद घालणारे एकमेकांशी कडाडून भांडत होते. परंतु एका गोष्टीविषयी त्यांच्यात मुळीच मतभेद नव्हता. या प्रश्नांना काही एक खरे उत्तर आहे, ते कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही, आणि प्रतिपक्ष त्या उत्तराच्या बाबतीत चुकतो आहे, असे प्रत्येक जण गृहीत धरून बोलत होता. या सर्वमान्य गृहीतावरच जॉन लेस्ली मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने आघात केला. १९१७ साली सिडनीत जन्मलेल्या आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापन केलेल्या मॅकीने या विचाराचा पहिला आराखडा १९४६ मधील एका निबंधात मांडला आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याला पूर्ण रूप दिले. इंग्रजीत ज्याला ‘एरर थिअरी’ म्हणतात, त्याला येथे आपण प्रमाद-सिद्धांत म्हणू.

हा सिद्धांत काय म्हणतो हे समजावून घेण्यासाठी एक प्रसंग कल्पू. दुष्काळाचे दिवस आहेत. एका शेतकऱ्याच्या विहिरीत पाणी आहे, आणि त्याने विहिरीला कुलूप घातले आहे. शेजारच्या वस्तीवरील एक बाई रिकामी घागर घेऊन येते, घरात लेकरू तापाने फणफणले आहे असे सांगते, एक घागर पाणी मागते. तो नाही म्हणतो, आणि ती परत जाते. आता महसूल खात्यातला एखादा अत्यंत काटेकोर अंमलदार या घटनेचा पंचनामा करावयास बसला आहे, असे समजा. विहिरीची खोली किती, पाण्याची पातळी किती, कुलूप कोणत्या बनावटीचे, घागर किती लिटरची, दुसरा पाणवठा किती अंतरावर, हे सारे तो लिहील. तो येथेच थांबणार नाही. बाईला किती तहान होती, लेकराच्या अंगात ताप किती होता, मालकाच्या मनात त्या क्षणी भीती होती की लोभ की जुने वैर, हेही त्याला दिसत आहे असे मानू. गावातल्या लोकांना मालकाचा किती संताप आला, याचीही तो नोंद करील. पंचांच्या सह्या होतील. पंचनाम्यात काहीही सुटलेले नाही. तरीही गावातला प्रत्येक माणूस जे पहिले वाक्य उच्चारतो, म्हणजे ‘त्याने हे करायला नको होते’, ते वाक्य ज्या वस्तुस्थितीचे वर्णन करते ती वस्तुस्थिती या पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात आहे?

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने हा प्रश्न १७४० च्या सुमारास खुनाच्या उदाहरणाने विचारला होता, आणि आपण वस्तूकडे पाहत राहू तोवर दुष्टपणा कोठेच सापडणार नाही, तो पाहणाऱ्याच्या भावनेत सापडेल, असे उत्तर दिले होते. विसाव्या शतकात ए. जे. एअर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३६ मध्ये याच उत्तराला टोकाचे रूप देऊन असे प्रतिपादन केले, की नैतिक विधाने मुळात विधानेच नव्हेत. ती हर्ष-विषादाच्या उद्गारांसारखी असल्यामुळे त्यांना सत्य वा असत्य म्हणताच येत नाही. मॅकी येथे वेगळी वाट धरतो, आणि त्याच्या सिद्धांताचे सारे बळ या वेगळेपणात आहे. लोक जेव्हा पाणी नाकारणे अन्याय्य आहे असे म्हणतात, तेव्हा ते नुसता संताप व्यक्त करीत नाहीत, काही एक वस्तुस्थिती सांगण्याचाच त्यांचा दावा असतो, हे मॅकी पूर्णपणे मान्य करतो. गावकऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ त्याने पातळ केलेला नाही. तो एवढेच म्हणतो, की अर्थ तसाच असूनही तो ज्या वस्तूकडे बोट दाखवितो ती वस्तू जगात नाही. आणि म्हणून अशी सर्व विधाने, प्रामाणिकपणे केलेली असूनही, असत्य आहेत.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे विधान ऐकून धक्का बसेल. परंतु याच प्रकारचा एक निर्णय त्याने, किंवा त्याच्या आजोबा-पणजोबांनी, पाण्याच्याच बाबतीत पूर्वी घेतलेला आहे. निजामी राजवटीतल्या गावांत सवर्णांच्या आडावर अस्पृश्य मानलेल्या माणसाला चढता येत नसे. त्याने काठाखाली उभे राहून ओंजळ पुढे करावी आणि वरून कोणी पाण्याची धार सोडावी. धार तुटू नये, भांड्याला भांडे लागू नये, याची दक्षता घ्यावी. जे लोक हे पाळीत होते ते हा आपला व्यक्तिगत नापसंतीचा भाग आहे असे समजत नव्हते. विटाळ हा त्यांच्या दृष्टीने त्या पाण्यात, त्या भांड्यात, त्या स्पर्शात खरोखर असलेला गुण होता. तो डोळ्यांना दिसत नसे, जिभेला लागत नसे, आणि तरीही तो माणसाला हुकूम करीत असे: पाणी ओतून टाक, स्नान कर, दूर हो. ज्याला स्नान करण्याची मुळीच इच्छा नाही त्यालाही तो हुकूम लागू होता.

आज आपण विटाळाविषयी काय म्हणतो? ‘विटाळ होतो’ हे वाक्य म्हणजे केवळ किळस व्यक्त करणारा उद्गार होता, असे आपण म्हणत नाही; म्हणणाऱ्याला त्याहून पुष्कळ अधिक म्हणावयाचे होते. ‘त्यांच्या काळी विटाळ होता, आमच्या काळी नाही’ असेही आपण म्हणत नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे त्या काळच्या प्रथेला शरण जाणे होय. आपण सरळ असे म्हणतो, की विटाळ नावाचा गुण कधीच कोठेही नव्हता, आणि तो आहे असे सांगणारे प्रत्येक वाक्य असत्य होते. समाजाने आपली उतरंड वस्तूंवर प्रक्षेपित केली, आणि पुढच्या पिढ्यांना ती वस्तूंच्या ठायीच दिसू लागली. विटाळाच्या बाबतीत आपण सारे प्रमाद-सिद्धांती आहोत. मॅकीचे म्हणणे एवढेच आहे, की हीच पाहणी अर्ध्यावर सोडू नका. ज्या दप्तरात विटाळाची नोंद सापडत नाही, त्याच दप्तरात अन्यायाचीही सापडत नाही.

हे अर्ध्यावर न सोडण्याचे कारण म्हणून मॅकी दोन युक्तिवाद देतो. त्यांपैकी पहिला निरनिराळ्या समाजांतील नैतिक मतांच्या भिन्नतेवर आधारलेला आहे, आणि तो मला फारसा बळकट वाटत नाही. कारण मतभेद तर खगोलशास्त्रातही होते, म्हणून ग्रहांच्या गतीविषयी काही सत्यच नाही असे ठरत नाही. दुसरा युक्तिवाद मात्र खोल आहे. त्याला विलक्षणतेचा युक्तिवाद म्हणतात. नैतिक वस्तुस्थिती खरोखर असती, तर ती विश्वातल्या इतर कोणत्याही वस्तुस्थितीपेक्षा अगदी निराळ्या जातीची असती. आणि ती जाणण्यासाठी आपल्याला इतर कोणत्याही ज्ञानसाधनाहून निराळे ज्ञानसाधन लागले असते, हा त्याचा गाभा.

निराळी जात म्हणजे नेमके काय? पंप सुरू करावयाचा असेल तर आधी त्यात पाणी भरून हवा काढली पाहिजे, ही गोष्ट मालकाला कोणी सांगितली तर त्यात गूढ काहीच नाही. येथे ‘पाहिजे’ हा शब्द मालकाच्या इच्छेवर उभा आहे. त्याला पंप चालवावयाचा नसेल, तर आदेश आपोआप गळून पडतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट अशा आदेशांना सोपाधिक म्हणतो. ‘तहानलेल्या बाईला पाणी दिले पाहिजे’ हा आदेश मात्र निरुपाधिक आहे. मालकाला तिची दया येत नाही, लोकनिंदेची भीती नाही, परलोकावर विश्वास नाही, एवढे सगळे सिद्ध झाले तरी आपण आदेश मागे घेत नाही. उलट अधिक कठोर स्वरात तो उच्चारतो. तेव्हा मालकाच्या इच्छा, भावना, हितसंबंध यांपैकी कशावरही न टेकता त्याच्यावर अधिकार गाजविणारी एक मागणी विश्वाच्या रचनेतच विणलेली आहे, असे आपण मानीत असलो पाहिजे. पाण्याची पातळी आहे, तहान आहे, ताप आहे. या सर्व गोष्टी ‘आहेत’ एवढेच म्हणतात. त्या कोणाला काही करावयास सांगत नाहीत. जी वस्तुस्थिती स्वतःच्या बळावर ‘कर’ म्हणते, तशी दुसरी एकही वस्तुस्थिती आपल्याला ठाऊक नाही.

येथे पुष्कळ वाचक एका चुकीच्या समजुतीत अडकतात. मॅकीने नैतिक गुणाला प्रेरकशक्तीही जोडली होती: तो ज्याला दिसला त्याला तो ओढून नेईल. यावर कोणी म्हणेल, की मालकाला आपण वाईट वागतो आहोत हे चांगले ठाऊक होते, तरी त्याने कुलूप उघडले नाही. म्हणजे ही ओढ खोटी, आणि युक्तिवाद कोसळला. आक्षेप योग्य आहे, पण त्याने युक्तिवादाची एक कडा तेवढी मोडते. युनस उल्सन या स्वीडिश तत्त्वज्ञाने २०१४ च्या आपल्या ग्रंथात युक्तिवादाचे निरनिराळे धागे सोडवून दाखविले, आणि खरे बळ प्रेरणेत नसून अधिकारात आहे, असा निष्कर्ष काढला. मालक हलो वा न हलो. हलण्याचे कारण त्याच्यापाशी आहे, आणि ते कारण त्याच्या कोणत्याही उद्दिष्टातून आलेले नाही, हीच विलक्षण गोष्ट.

आता ज्ञानाची बाजू. विहिरीची पातळी दोरीने मोजता येते, तापाचे मान तापमापीने कळते. अन्याय कशाने कळतो? ‘अंतःप्रेरणेने’ असे म्हटले, तर ज्या समाजाला विटाळ दिसत होता त्यालाही तो अंतःप्रेरणेनेच दिसत होता, आणि तितक्याच स्पष्टपणे. या अडचणीची जाणीव आपल्या परंपरेत फार प्राचीन आहे. जैमिनीच्या मीमांसादर्शनाने प्रारंभीच असे मान्य केले, की प्रत्यक्ष हे विद्यमान वस्तूचे ज्ञान देते, आणि धर्म तर कर्तव्यरूप असल्यामुळे प्रत्यक्षाने कळणे शक्य नाही. ही अर्धी वाट मॅकीच्या बरोबरीची आहे. तेथून पुढे मीमांसकांनी एक विशेष प्रमाण स्वीकारले, ते अपौरुषेय वेदातील विधिवाक्याचे. आणि कर्म व त्याचे दूरचे फल यांना जोडण्यासाठी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती कल्पिली. निरुपाधिक आदेशाला विश्वात जागा द्यावयाची असेल तर किती किंमत मोजावी लागते, हे त्यांनी जितक्या प्रामाणिकपणे हिशेबात धरले तितके आधुनिक नीतिवाद्यांनी क्वचितच धरले आहे, असे मला वाटते. वेदप्रामाण्य सोडून द्यावयाचे आणि आदेश मात्र ठेवावयाचा, असे ज्यांना वाटते त्यांना मॅकी विचारतो: मग तुमचे प्रमाण कोणते?

एक तिसरा धागाही आहे. मालकाचे कृत्य वाईट का, असे विचारता आपण म्हणतो, तहानलेल्याला त्याने पाणी नाकारले म्हणून. या ‘म्हणून’ मध्ये काय दडले आहे? पाणी नाकारणे ही एक गोष्ट आणि वाईटपणा ही दुसरी. पहिली असली की दुसरी असलीच पाहिजे, असा अभेद्य संबंध आपण मानतो. हुबेहूब अशीच दुसरी घटना घडली, आणि ती मात्र निर्दोष ठरली, हे अशक्य. आग लागली की धूर निघतो, या संबंधाचा शोध घेता येतो, मधल्या पायऱ्या दाखविता येतात. नकार आणि वाईटपणा यांच्यामधल्या पायऱ्या कोणी दाखवीत नाही. संबंध आहे, एवढेच सांगितले जाते.

या टप्प्यावर एक गंभीर शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. ‘पाणी नाकारणे अन्याय्य आहे’ हे वाक्य असत्य असेल, तर पाणी नाकारायला हरकत नाही असे ठरले काय? विटाळ खोटा आणि विटाळाविरुद्धचा लढाही खोटा, असे म्हणून हा सिद्धांत २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांना आणि त्यांना मारहाण करणाऱ्यांना एकाच तागडीत बसवितो काय? उत्तर असे, की ‘हरकत नाही’ हाही एक नैतिक निवाडा आहे. तो नाकारणाऱ्याला सनद देतो. ज्या अधिकारकक्षेतून ही सनद निघावी ती कक्षाच नाही, असे प्रमाद-सिद्धांत म्हणतो. त्यामुळे मालकाला दोषी ठरविणारे वाक्य जसे पडते, तसे त्याला निर्दोष ठरविणारेही पडते. मालक सिद्धांताचा आधार घेऊन आपल्या कुलपाचे समर्थन करू लागला, तर तो सिद्धांत समजलेला नाही.

आणि महाडच्या दोन बाजू समान आहेत, असेही यातून निघत नाही. विटाळ मानणाऱ्यांचा सारा व्यवहार त्या गुणाच्या वास्तवतेवर उभा होता; तो गुण काढून घेतला की ओंजळीत वरून धार सोडण्याच्या प्रथेला उरतो तो फक्त बळजोरीचा आधार. उलट तळ्यावर जाणाऱ्यांची तहान, त्यांची मानखंडना, माणूस म्हणून उभे राहण्याची त्यांची इच्छा, यांपैकी काहीही असत्य ठरत नाही. हे सारे पंचनाम्यात आहे. ज्या मॅकीने पहिल्या भागात वस्तुनिष्ठ मूल्ये नाकारली, त्यानेच ग्रंथाच्या पुढील भागांत परस्परांसह जगण्यासाठी माणसांनी कोणते नियम घडवावेत याची सविस्तर चर्चा केली आहे, ती याच कारणाने. त्याच्या मते नीती ही शोधून काढावयाची गोष्ट नसून रचावयाची गोष्ट आहे.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ज्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि पुढे प्राचार्यपद भूषविले, त्या नरहर कुरुंदकरांची आठवण येथे होते. मनुस्मृतीवरील त्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. मॅकीचा ग्रंथ त्यांच्या हयातीतच बाहेर पडला. त्यांनी तो पाहिला होता असा माझा दावा नाही. परंतु धर्मग्रंथातील आज्ञेकडे समाजाच्या हितसंबंधांचा आणि सत्तेचा आविष्कार म्हणून पाहण्याची जी बुद्धिवादी शिस्त मराठवाड्याच्या वाचकाला त्यांच्या लेखणीने लावली, तिने मॅकीच्या अर्ध्या वाटेपर्यंत आपल्याला आणून सोडलेले आहे. उरलेली वाट चालावी की नाही, हा प्रश्न उरतो.

माझ्या मते विलक्षणतेच्या युक्तिवादावरचा सर्वांत प्रखर आक्षेप याच शिस्तीतून निघतो. अठराव्या शतकात रिचर्ड प्राइसने केलेल्या आणि मॅकीने स्वतः नोंदविलेल्या एका बचावाचा हा वंशज असून, टेरेन्स कुनिओ या तत्त्वज्ञाने २००७ मध्ये त्याची नव्याने मांडणी केली. विटाळ मानणाऱ्याला आपण काय सांगितले होते? पुरावा नाही, तेव्हा ही समजूत तू सोडली पाहिजेस. हा ‘पाहिजे’ कोणत्या जातीचा? समजूत सोडण्याची त्याला इच्छा नव्हती; सोडण्यात त्याचा तोटाच होता. तरीही पुराव्याचा अधिकार त्याच्यावर चालतो, असे आपण मानले. म्हणजे हाही निरुपाधिक आदेशच. पाण्याच्या पातळीत तो दिसत नाही, तापमापीत दिसत नाही. विलक्षण म्हणून अन्यायाला दप्तरातून खोडावयाचे, तर पुराव्याच्या अधिकारालाही खोडावे लागेल. आणि तो खोडला की विलक्षणतेचा युक्तिवाद मानण्याचे कारणही कोणापाशी उरणार नाही.

उल्सन यावर माघार घेत नाही. पुरावा असणे म्हणजे एखादे विधान सत्य असण्याचा संभव वाढणे, एवढेच, असे तो म्हणतो. हे निव्वळ वर्णन आहे, त्यात आदेश नाही. माझा युक्तिवाद निर्दोष आहे हे सांगताना तो तुम्ही स्वीकारलाच पाहिजे असा हुकूम मी सोडीत नाही. हे उत्तर सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही तेवढीच मोठी आहे. सर्व पुरावा समोर ठेवल्यावरही ‘मी विटाळ मानणारच’ म्हणणाऱ्या माणसाला तुझे चुकते आहे, तुझ्या समजुती असत्य आहेत, एवढे उल्सन सांगू शकतो. त्या तू सोडावयास हव्यास, हे निरुपाधिक स्वरात सांगण्याची सोय त्याने आपण होऊन सोडली आहे. मला स्वतःला हा सौदा पटत नाही. समर्थनाची मागणी ही पंचनाम्यातल्या वस्तूंसारखी वस्तू असलीच पाहिजे, ही अट मॅकीने घातलेली आहे. ती अट का मान्य करावी, याचे समर्थन पंचनाम्यात सापडत नाही.

एवढे म्हटल्यावरही मॅकीचे काम संपत नाही, हे भारतीय संविधानाच्या कलम १७ कडे पाहिले म्हणजे कळते. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे ते कलम सांगते आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील पालन निषिद्ध ठरविते. १९५५ च्या कायद्याने त्याला शिक्षेची जोड मिळाली. विटाळ हा गुण विश्वात आहे की नाही, याचा निकाल संविधान सभेने दिला नाही. तिने नियम घडविला. मॅकीला हवी असलेली नीती नेमकी अशीच दिसते: तारीख असलेली, माणसांनी ठरविलेली, माणसांच्या गरजांतून निघालेली. मात्र आडाच्या काठाखाली ओंजळ धरून उभा राहिलेला माणूस हे कलम वाचून काय म्हणेल, याचाही विचार व्हावयास हवा. ‘२६ जानेवारी १९५० पासून हे चूक ठरले’ असे म्हणून त्याचे समाधान होणार नाही. ते आदल्या दिवशीही चूक होते, निजामाच्या अमलातही चूक होते, आणि सगळ्या गावाने एकमताने उलट ठराव केला असता तरी चूकच राहिले असते, असा त्याचा दावा आहे. कोणत्याही सभेच्या ठरावावर न टेकणारा हा जो दावा, तोच मॅकीच्या दृष्टीने प्रमाद. आणि घडविलेल्या नियमाने त्या माणसाला हे आदल्या दिवसाचे उत्तर कसे द्यावे, हे मॅकीच्या बाजूने अद्याप कोणी मला पटेल अशा रीतीने सांगितलेले नाही.